गणवेश टोचतोय? पत्रात हे लिहा

जूनमध्ये शाळा सुरू झाली की काही मुलांच्या मानेवर, काखेच्या कडेला, कमरेपाशी लाल पुरळ उठतं. घरचे ते घामोळं समजून पावडर लावतात. कापडाचा संशय येतो तो फार उशिरा, आणि मग पुरवठादाराला जे पत्र जातं त्यात नुसता राग असतो. 'तुमचं कापड भिकार आहे' या वाक्यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं आहे: बाकी कुणाची तक्रार नाही.

गणवेशाचं कापड बहुधा टेरिकॉट असतं, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण, आणि त्यात पॉलिएस्टरचं प्रमाण बऱ्याचदा जास्त. ते टिकतं, चुरगळत नाही, पण घाम फारसा शोषत नाही. त्यामुळे ओल्या त्वचेवर ते घासत राहतं. असं पुरळ कपडा बदलला की लवकर ओसरतं. कधी मात्र कापडाचे गडद रंग किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेलं रेझिन यांची अॅलर्जी असते. असल्या रेझिनमधून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं. हे पुरळ उठायला एक-दोन दिवस लागू शकतात आणि गणवेश काढला तरी ते बरेच दिवस रेंगाळतं. बनियनखालची त्वचा कोरी आणि बाहेरची लाल दिसली, तर संशय कापडावरच घ्यावा.

समजा, दुसरीतल्या मुलीला असा त्रास होतोय. पत्र असं जावं:

'आपल्याकडून ३ जूनला घेतलेला पांढरा शर्ट (पावती सोबत) वापरायच्या आधी दोनदा धुतला. तिसऱ्या दिवशी कॉलरखाली आणि काखेच्या कडेला पुरळ उठलं. शनिवार-रविवारी सुती कपड्यात ते कमी झालं, सोमवारी शर्ट घातल्यावर पुन्हा वाढलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि फोटो जोडले आहेत. कापडातल्या धाग्यांचं प्रमाण कळवावं आणि याच रंगाचा सुती शर्ट बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत. पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.'

यात सर्वांत वजनदार वाक्य शनिवार-रविवारचं. कपडा काढला, पुरळ ओसरलं. घातला, पुन्हा उठलं, हे खोडून काढणं अवघड. तरी त्यातून कापडातलं नेमकं काय बाधतं ते ठरत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात, म्हणून पत्रात 'विषारी रंग' वगैरे आरोप टाळावेत. फोटो घेताना सुकलेल्या पुरळाचा नको, ताजा घ्यावा. आणि शर्टाचं लेबल कापून टाकू नका, कारण मिश्रणाची नोंद असली तर तिथेच असते. कित्येकदा टोचतं ते लेबलच, तर ते आधी हातानं चाचपून बघा.

पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांनाही द्या, कारण सुती गणवेशाची परवानगी शाळाच देणार. पुरवठादारानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.