प्रोप्रायटरशिपची प्रायव्हेट लिमिटेड करताना

एकट्याच्या मालकीचा धंदा वाढला की बँक आणि मोठी गिऱ्हाइकं ‘प्रायव्हेट लिमिटेड करून टाका’ असा आग्रह धरतात. मालकाला वाटतं, पाटी बदलली की झालं. पण कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती. स्वतःचाच धंदा स्वतःच्याच कंपनीला दिला तरी ते हस्तांतरच, आणि हस्तांतरात नफा दिसला की भांडवली नफ्याचा कर आला.

तो टाळण्याची वाट 1961 च्या आयकर कायद्यात कलम 47 च्या 14 व्या खंडाने दिली. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले, अटींचा गाभा तोच आहे. अटी तीन. धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत. मोबदल्यात मालकाला फक्त शेअर मिळाले पाहिजेत, दुसरा कोणताही लाभ नाही. आणि कंपनीतल्या मतदान हक्काचा किमान 50 टक्के वाटा पुढची पाच वर्षं त्याच्याच हाती राहिला पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळ पंपाचे सुटे भाग बनवणारा एक वर्कशॉपमालक आहे. त्याच्या ताळेबंदात 2004 साली घेतलेला प्लॉट 4 लाखांना दिसतो, यंत्रं 16 लाखांना, माल 12 लाखांचा, येणी 10 लाखांची. एकूण 42 लाख. बँकेचं कर्ज आणि पुरवठादारांची देणी मिळून 17 लाख. उरलेले 25 लाख हे मालकाचं भांडवल. त्याने आणि पत्नीने प्रत्येकी 50 हजार रुपये घालून कंपनी काढली, आणि 1 ऑक्टोबरला धंदा करारपत्राने तिच्याकडे दिला.

कंपनीच्या वह्यांत नोंद सरळ आहे. 42 लाखांची मालमत्ता नावे, 17 लाखांची देणी जमा आणि 25 लाखांचं भागभांडवल जमा. म्हणजे दहा रुपयांचे अडीच लाख शेअर मालकाच्या नावे. रोख पैसे न घेता शेअर द्यायचे असल्याने नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो.

चूक होते ती इथेच. नोंदणी शुल्क वाचवायला काही जण भागभांडवल पाच लाखांचंच ठेवतात आणि उरलेले 20 लाख मालकाने कंपनीला दिलेलं कर्ज म्हणून दाखवतात. हिशेब जुळतो, पण कंपनी मालकाचं 20 लाखांचं देणं लागू लागली, म्हणजे त्याला शेअरखेरीज काहीतरी मिळालं. दुसरी अट मोडली.

दुसरी चूक प्लॉटची. आज त्याचं सरकारी मूल्य 60 लाख असेल तर कंपनीच्या नावे करताना मुद्रांक शुल्क त्या रकमेवर पडतं. आयकराची सवलत तिथे उपयोगाची नाही. म्हणून मालक म्हणतो, प्लॉट माझ्याच नावावर राहू दे, कंपनी भाडं देईल. पण प्लॉट धंद्याच्या ताळेबंदात होता, म्हणजे ‘सगळी मालमत्ता’ गेली नाही. शुल्क वाचलं, सवलत गमावली.

उलट ‘कर्जा’ची चूक करणाऱ्याचा प्लॉट हस्तांतरित झालेला असतो. सवलत नसल्याने 4 आणि 60 लाखांतल्या 56 लाखांच्या फरकावर कर मोजायची वेळ येते, हाती रोख एक रुपया आलेला नसताना.

अटी पाळल्या तर कर पुढे ढकलला जातो, माफ होत नाही. कंपनीने उद्या प्लॉट विकला तर खरेदी किंमत तेच 4 लाख धरतात. म्हणून हस्तांतराआधी वह्यांत प्लॉट 60 लाखांचा दाखवून करात काही मिळत नाही. घसाऱ्याचंही तसंच. आयकराच्या हिशेबातही यंत्रं 16 लाखांचीच असतील तर 15 टक्क्यांनी वर्षाचा घसारा 2 लाख 40 हजार होतो. तो दिवसांच्या प्रमाणात वाटायचा: मालकाचे 183 दिवस, कंपनीचे 182. दोघांनी पूर्ण घसारा घेता येत नाही. मालकाचा जुना धंद्यातला तोटा मात्र याच अटींवर कंपनीकडे जाऊ शकतो. जीएसटीतलं शिल्लक क्रेडिट ITC-02 फॉर्म भरून कंपनीच्या नव्या क्रमांकावर न्यावं लागतं.

पाच वर्षांची अट सर्वांत जास्त विसरली जाते. सुरुवातीला मालकाकडे 2 लाख 60 हजारांपैकी 2 लाख 55 हजार शेअर, म्हणजे 98 टक्के. तिसऱ्या वर्षी गुंतवणूकदार आला, थोडे शेअर मुलाच्या नावे केले, आणि मालकाचा स्वतःचा वाटा 48 टक्क्यांवर आला, तर आधी न लागलेला कर त्या वर्षी कंपनीवर बसतो. मुलाचे शेअर मालकाच्या वाट्यात धरले जात नाहीत. हे 1 ऑक्टोबरपासून मोजायचं, 31 मार्चपासून नाही. शेअर देण्याघेण्याचा कोणताही कागद सही करण्याआधी ती तारीख पाहावी.