संप बेकायदेशीर, हे ठरवायचे कुणी?

नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्राची हद्द संपली की आदिलाबाद लागते. 5 ऑक्टोबर 2019 रोजी, ऐन दसऱ्याच्या तोंडावर, तेलंगण राज्य रस्ते परिवहन महामंडळाचे सुमारे 48 हजार कर्मचारी संपावर गेले. आदिलाबाद, उटनूरपासून राज्यभरचे आगार त्यात होते. महामंडळाचे राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी. दोन वर्षांनी आपल्या एसटी कर्मचाऱ्यांनीही हीच मागणी केली. त्यामुळे आदिलाबादकडचा तो संप मराठी वाचकाला परका वाटू नये.

संध्याकाळी सहापर्यंत कामावर या, असे सरकारने बजावले होते. ती वेळ टळल्यावर मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी, जे आले नाहीत त्यांनी स्वतःच नोकरी सोडली, असे जाहीर केले. कामगार कायद्यात अशी तरतूदच नाही. संप म्हणजे काम थांबवणे, राजीनामा नव्हे. बेकायदेशीर संपात भाग घेतल्याचा आरोप असला, तरी आरोपपत्र, चौकशी आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय हजारो माणसे एका घोषणेने कमी करता येत नाहीत.

मग संप बेकायदेशीर होता का? तेव्हा 1947 चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. बससेवा ही लोकोपयोगी सेवा, म्हणून कलम 22 प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागे आणि तिच्यानंतर चौदा दिवस थांबावे लागे. तेवढ्याने भागत नसे. नोटीस समेट अधिकाऱ्याच्या हाती पडली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असे कायदा मानी, आणि ती चालू असताना व संपल्यावर सात दिवस संपाला बंदी होती. कार्यवाही संपे ती अधिकाऱ्याचा अहवाल सरकारला मिळाल्यावर. अहवालाला चौदा दिवसांची मुदत होती खरी, पण तो लांबला की कामगार अडकून पडे. मालकाच्या टाळेबंदीलाही असेच बंधन होते.

सरकारच्या बाजूने न्यायालयात संप बेकायदेशीर असल्याचे मांडले गेले. उच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबरला, ते ठरवणे आपले नव्हे, कामगार न्यायालयाचे काम आहे, असे सांगितले. खरी अडचण पुढे होती. कामगार न्यायालयाकडे वाद पाठवायचा की नाही, हे कलम 10 प्रमाणे सरकार ठरवी. महामंडळ सरकारचे, विलीनीकरणाची मागणी सरकारकडे, आणि न्यायालयाच्या दाराची किल्लीही सरकारकडेच! खासगी गिरणीच्या वादात सरकार निदान तिसरा पक्ष असते. इथे तसे कुणी उरले नव्हते. माझ्या मते संप चिघळण्याचे मोठे कारण इथेच आहे.

वाद कामगार न्यायालयाकडे पाठवायचा की नाही, या निर्णयासाठी उच्च न्यायालयाने कामगार आयुक्तांना दोन आठवडे दिले. ती मुदत संपण्याआधीच, बावन्नाव्या दिवशी, 25 नोव्हेंबरला कामगार संघटनांच्या संयुक्त कृती समितीने संप मागे घेतला. व्यवस्थापनाने लगेच रुजू करून घेतले नाही. त्यानंतर तीन दिवसांनी मुख्यमंत्र्यांनी परवानगी दिली आणि पुढे संपकाळाचा पगारही जाहीर केला. कायद्याप्रमाणे असा पगार संप कायदेशीर आणि न्याय्य, दोन्ही असेल तरच हक्काने मिळतो. म्हणजे हा पगार हक्क म्हणून आला नाही, मेहेरबानी म्हणून आला. त्याच्याबरोबर संघटनांऐवजी आगारांत कल्याण समित्या आल्या. आगारातली समिती तक्रार ऐकू शकते, संपाची नोटीस देऊन करार करू शकत नाही. कामगारांनी या संपात गमावलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, असे मला वाटते. विलीनीकरणाचे विधेयक मात्र त्याच सरकारने 6 ऑगस्ट 2023 रोजी विधानसभेत मंजूर करून घेतले.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. आता समेट अहवालानंतर नव्वद दिवसांत कोणताही पक्ष थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो, सरकारच्या शिफारशीची गरज नाही. समेटाची सुरुवातही नोटीस पोचल्यावर नव्हे, अधिकाऱ्याच्या पहिल्या बैठकीपासून मोजली जाते. हे दोन बदल चांगले आहेत. उलट, चौदा दिवसांची नोटीस आता लोकोपयोगी सेवांपुरती राहिलेली नाही, ती प्रत्येक कारखान्याला लागू आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपच धरली जाते.

म्हणून संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. नोटिशीची पोच आणि पहिल्या बैठकीचे इतिवृत्त, दोन्ही तारखांसह जपून ठेवा, आणि अहवाल हाती आला की नव्वद दिवस मोजायला लागा.