फीत कापल्याची बातमी शेतकऱ्याने का वाचावी?

समजा, ठिबक संच विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकपत्रिकेत पहिल्याच पानावर मथळा आहे: ‘नव्या जाळी फिल्टरचे थाटात अनावरण’. सोबत संचालकांचा फोटो. ज्याने संच आधीच घेतला आहे, त्याला यातून काय मिळणार?

हाच विषय सेवा विभागाच्या फोन-नोंदवहीतून उचलावा. ‘शेवटच्या झाडांना पाणी कमी पडतं’ ही तक्रार तिथे हमखास सापडते. मग मथळा होतो, ‘फिल्टर तुंबलाय हे कसं ओळखाल?’ मजकूर असा: मोटर चालू असताना फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब पाहा. फरक साधारण अर्धा किलोपर्यंत गेला, तर जाळी धुवा. धुतल्यावरही शेवटी पाणी कमीच असेल, तर नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू द्या. ड्रिपरवर पांढरा थर दिसला, तर तो क्षारांचा. त्याला आम्लप्रक्रिया लागते, ती पुढच्या अंकात. पुढचा अंक उघडायला एवढं कारण पुरतं.

नव्या फिल्टरचं नाव शेवटच्या ओळीत, तेही त्याने धुण्याचा त्रास खरोखर वाचत असेल तरच. कंपनीचं नाव खोडून लेख वाचावा. उपयोग उरला नाही, तर ती जाहिरात. (संचालकांचा फोटो मात्र सहसा कोणी खोडू देत नाही.)

ही वाट जुनीच आहे. अमेरिकेतल्या जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने ‘द फरो’ हे शेतीविषयक नियतकालिक 1895 मध्ये सुरू केलं.