वर ऊब, खाली गारठा

२०१८ सालच्या फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. २६ तारखेला सकाळी रोमकर उठले तेव्हा कोलोसियमवर बर्फ साचलेला होता आणि शाळांना सुट्टी होती. दोन दिवसांनी स्कॉटलंडमध्ये हवामान खात्याने बर्फाचा लाल इशारा दिला. ग्लासगोजवळच्या एम-८० महामार्गावर शेकडो गाड्या अडकल्या आणि माणसांनी रात्र गाडीतच काढली. १ मार्चला, कागदोपत्री वसंत सुरू झाला त्या दिवशी, वेल्समधल्या ट्रेडेगर गावात भर दुपारीही पारा उणे ४.७ अंशांच्या वर गेला नाही. सगळीकडे एकदम शेगड्या पेटल्यामुळे त्याच दिवशी देशाला गॅस अपुरा पडेल, अशी सूचना काढावी लागली. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी या थंडीला ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’, म्हणजे पूर्वेकडून आलेलं जनावर, असं नाव दिलं.

त्याच आठवड्यात ग्रीनलंडच्या अगदी उत्तर टोकावर, केप मॉरिस जेसप इथे, तापमान शून्याच्या वर होतं. तिथे तेव्हा सूर्य अजून उगवतही नव्हता. थंडी नव्याने जन्माला आली नव्हती, तिची जागा बदलली होती. आणि या बदलाची सुरुवात दोन आठवडे आधी, जमिनीपासून तीस किलोमीटर उंचीवर झाली होती.

आपले ढग, पाऊस, वादळं हे सगळं वातावरणाच्या खालच्या दहा-पंधरा किलोमीटरांत घडतं. त्याच्या वर पन्नासेक किलोमीटरपर्यंत स्थितांबर आहे. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर कित्येक आठवडे सूर्य नसतो. उन्हाळ्यात तिथला ओझोन ऊन शोषून हवा तापवतो, पण हिवाळ्यात ऊनच नसल्यामुळे हवा उष्णता सोडत सोडत उणे ऐंशी अंशांपर्यंत थंडावते. दक्षिणेकडची हवा तुलनेने उबदार राहते. तापमानातल्या या फरकामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारं वाऱ्याचं मोठं कडं तयार होतं. हा ध्रुवीय भोवरा. तो दर हिवाळ्यात असतो आणि वसंतात विरतो. बातम्यांमध्ये ‘पोलर व्होर्टेक्स आला’ असं म्हणतात तेव्हा कुठलं तरी वादळ चाल करून आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात भोवरा धडधाकट असेल तर कडाक्याची थंडी बहुधा ध्रुवाकडेच कोंडून राहते. काळजी करायची ती तो मोडतो तेव्हा.

तो मोडतो खालून आलेल्या लाटांनी. हिमालय, तिबेटचं पठार आणि रॉकीज यांच्यावरून वारा वाहताना, तसंच थंड जमीन आणि उबदार समुद्र यांच्या सीमेवर, वातावरणात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्यांना रॉस्बी लहरी म्हणतात. त्यातल्या फक्त सर्वांत लांब लहरीच स्थितांबरात चढू शकतात, त्याही तिथला वारा पश्चिमेचा असेल तरच. उन्हाळ्यात तो पूर्वेचा असतो, म्हणून ही घटना उन्हाळ्यात घडत नाही. दक्षिण गोलार्धात असे डोंगर आणि भूखंड कमी, त्यामुळे तिथला भोवरा सहसा हलत नाही. उपग्रहांच्या काळात तो दुभंगलेला दिसला तो एकदाच, सप्टेंबर २००२मध्ये.

वर चढलेल्या लहरी विरळ हवेत फुगतात आणि किनाऱ्यावरच्या लाटांप्रमाणे फुटतात. फुटताना त्या कड्याच्या वाऱ्याला उलट्या दिशेने ढकलतात. वारा मंदावला की हवेचा तोल बिघडतो, ती ध्रुवाकडे सरकते आणि तिथे खाली बसू लागते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. बाहेरून उष्णता मिळालेली नसते, सूर्यही नसतो. तरीही काही दिवसांत ध्रुवावरच्या स्थितांबराचं तापमान तीस-चाळीस, कधी पन्नास अंशांनीही वाढतं. रिखार्ड शेरहाग या जर्मन हवामानतज्ज्ञाने १९५२च्या हिवाळ्यात बर्लिनवरून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत ही झेप पहिल्यांदा टिपली. लहरींच्या आधाराने तिचं कारण उलगडून दाखवलं ते १९७१मध्ये जपानच्या तारो मात्सुनो यांनी.

घटना मोठी मानण्याची खूण ठरलेली आहे. ६० अंश उत्तर अक्षांशावर, सुमारे तीस किलोमीटर उंचीवर, पृथ्वीभोवतीच्या वाऱ्याची सरासरी काढायची. हिवाळ्यात ती ताशी शंभरेक किलोमीटर, पश्चिमेची असते. ती शून्याखाली जाऊन वारा पूर्वेचा झाला, की मोठं आकस्मिक तापन झालं म्हणायचं. दहा वर्षांत सरासरी सहा वेळा असं होतं. १२ फेब्रुवारी २०१८ला तेच झालं. भोवरा दुभंगला, एक तुकडा कॅनडाकडे आणि दुसरा युरेशियाकडे गेला.

आता पुष्कळांचा इथे गैरसमज होतो. वरची गार हवा खाली कोसळते आणि आपण गारठतो, असं नाही. रोमला पोचलेली थंडी जमिनीलगतचीच, रशिया-सैबेरियाकडची होती. वरून खाली येतो तो वाऱ्यातला बदल. वर वारा उलटला की पुढच्या लहरींना तितक्या उंचीवर जाता येत नाही, त्या आणखी खाली फुटतात आणि वारा मंदावण्याचा थर आठवड्या-दोन आठवड्यांत स्थितांबराच्या तळाशी येतो. त्यामुळे ध्रुवावरचा जमिनीलगतचा दाब वाढतो आणि दहा किलोमीटर उंचीवरचा झोतवारा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, दक्षिणेला सरकून वेडीवाकडी वळणं घेऊ लागतो. त्या फेब्रुवारीत स्कँडिनेव्हियावर जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं. एरवी अटलांटिकवरून ब्रिटनला ऊब देणारे पश्चिमेचे वारे अडले आणि त्या क्षेत्राच्या दक्षिण कडेने पूर्वेचे वारे सुरू झाले. ही कोरडी, गोठलेली हवा नॉर्थ सी ओलांडताना बाष्प उचलत गेली आणि किनाऱ्यावर बर्फ टाकत सुटली.

निफाडला पारा घसरला की आपल्याकडेही या भोवऱ्याचं नाव निघतं. पण ती थंडी पश्चिमी विक्षोभामागून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यांची आणि निरभ्र रात्रींची असते. थेट नातं असलंच तर उलट्या दिशेने आहे: भोवरा हलवणाऱ्या लहरी उठवण्यात हिमालय-तिबेटचा वाटा मोठा आहे.

स्थितांबरातला बदल सावकाश उतरतो, म्हणून अंदाज वर्तवणाऱ्यांना तो मोलाचा वाटतो. रोजचा अंदाज आठ-दहा दिवसांपुढे डळमळतो. भोवरा मोडल्याचं कळलं, तर पुढच्या काही आठवड्यांत युरोपात थंडीची शक्यता वाढली एवढं तरी सांगता येतं. गॅसचा साठा, रस्त्यावर टाकायचं मीठ, रुग्णालयातल्या खाटा यांची तयारी त्यावर करता येते. पण शक्यता वाढणं म्हणजे खात्री नव्हे. ढोबळमानाने तीनातल्या दोनच वेळा वरचा बदल खाली स्पष्ट दिसतो. काही कडाक्याच्या लाटा भोवरा न मोडताही येतात, तो नुसता ताणला गेला तरी.

२०१९च्या जानेवारीच्या सुरुवातीला भोवरा पुन्हा मोडला. महिनाअखेरीस शिकागोत पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरला, पण त्यात या मोडण्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. ब्रिटनमध्ये बीस्टच्या आठवणी ताज्या असल्याने लोक धास्तावले होते. पण वरचा बदल त्या वेळी जमिनीपर्यंत नीट पोचलाच नाही. २६ फेब्रुवारी २०१९ला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश नोंदले गेले. ब्रिटनच्या हिवाळ्यातला तोवरचा हा सर्वांत उबदार दिवस ठरला. म्हणून आता वारा उलटल्याची बातमी आली तरी जाणकार तीस किलोमीटरवर थांबत नाहीत. दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात, स्थितांबराच्या तळाशी, वारा मंदावला आहे का आणि तो तसाच राहतो आहे का, हे ते रोज तपासत राहतात.