दोन घासांत भरणारं पोट

हृदय अशक्त झालं की दम लागतो आणि पाय सुजतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण अनेक रुग्णांची पहिली तक्रार जेवणाच्या ताटावरच सुरू होते. पानावर बसताना भूक असल्यासारखी वाटते, दोन घास जातात आणि पोट गच्च होतं. मग ढेकरा, पोटफुगी, मळमळ. घरात याला ‘गॅस’ म्हणतात. ओवा-हिंग होतं, सोडा होतो, अॅसिडिटीच्या गोळ्या होतात, आणि महिना-दोन महिने असेच निघून जातात.

यात जठराचा दोष सहसा दुय्यम असतो. मूळ अडचण पोटातून रक्त परत निघण्याच्या वाटेवर असते.

जठर, लहान आतडं, मोठं आतडं यांतून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या एका जाड शिरेत जमतं, तिथून यकृतात शिरतं, यकृताच्या स्पंजासारख्या जाळीतून गाळून बाहेर पडतं आणि मग हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतं. ही सगळी वाट कमी दाबाची आहे. दंडावर पट्टा बांधून मोजतो तो रक्तदाब १२०च्या आसपास असतो, तर उजव्या कप्प्यातला दाब निरोगी माणसात जेमतेम २ ते ८. इतक्या कमी दाबामुळेच पोटातलं रक्त विनासायास वर चढतं. हृदय थकलं की ते आलेलं रक्त पुढे ढकलू शकत नाही, उजव्या कप्प्यातला दाब १५-२० पर्यंत जातो, आणि मधे अडवणारी झडप नसल्यामुळे तो दाब यकृतातून मागे थेट आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतो. कृष्णेला पूर आला की नृसिंहवाडीच्या संगमापाशी पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि शिरोळच्या शिवारात फुगवटा चढतो, तसाच हा फुगवटा. शेत बुडतं ते त्या शेतावर पाऊस जास्त झाला म्हणून नव्हे.

फुगवटा चढल्यावर पोटात तीन गोष्टी होतात. पहिली यकृताची. ते रक्ताने तुंबून मोठं होतं, बरगडीखाली उतरतं आणि त्याच्यावरचं पातळ आवरण ताणलं जातं. उजव्या बाजूला बरगडीखाली जड, ठसठसतं दुखणं येतं ते या ताणामुळे. यकृताचा डावा भाग जठराच्या अगदी समोर असतो. जेवताना निरोगी जठराचा वरचा भाग आपोआप सैल पडतो आणि अन्नाला जागा करून देतो. पण सुजलेलं यकृत वरून दाबतंय, पोटात पाणी साठलंय आणि जठराची स्वतःची भिंतही सुजून ताठर झालीय, तर सैल पडणार कुठे? थोडं अन्न गेलं तरी भिंत ताणली जाते आणि ‘पोट भरलं’ हा निरोप मेंदूला जातो. निरोप खोटा नसतो, फक्त फार लवकर गेलेला असतो.

दुसरी आतड्याची. शिरांमधला दाब वाढला की रक्तातलं पाणी केशवाहिन्यांमधून झिरपून आतड्याच्या भिंतीत साठतं. एरवी हे झिरपलेलं पाणी लसिकावाहिन्या उचलून नेतात, पण त्यांचं तोंडही मानेखालच्या मोठ्या शिरेतच उघडतं आणि तिथेही दाब चढलेला असतो. म्हणून भिंत जाड होते, सोनोग्राफीत ती जाडी मोजताही येते. अशा आतड्याची हालचाल मंदावते, अन्नाचं शोषण नीट होत नाही, उरलेल्या अन्नावर जंतू ताव मारतात आणि वायू होतो. त्यातच अशक्त हृदयाकडून पुढून येणारं रक्तही कमी असतं. जेवणानंतर आतड्याला रक्ताची मागणी वाढते, आणि नेमकी तेव्हाच ती भागत नाही.

तिसरी गोष्ट भुकेची. सुजलेल्या आतड्याचं अस्तर गळकं होतं. जंतूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात शिरतात, शरीर त्यांना उत्तर म्हणून दाह वाढवणारे रेणू सोडतं, आणि हे रेणू मेंदूतलं भुकेचं केंद्र मंद करतात. तापात अन्नावरची वासना उडते, त्यामागेही अशाच रेणूंचा हात असतो. फरक इतकाच की ताप चार दिवसांत उतरतो आणि हे महिनोन्महिने चालतं.

एक नमुन्याचा रुग्ण धरू, म्हणजे हे कसं दिसतं ते कळेल. चौसष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. काही वर्षांपूर्वी हार्ट अॅटॅक येऊन गेलेला, तेव्हापासून ‘पंपिंग तीस टक्के’ असं घरात सगळ्यांना पाठ. दोन भाकऱ्या खाणारा माणूस अर्ध्या भाकरीवर आला. बायको म्हणते, ‘‘अहो, पाखरासारखं टिपताय आणि पोट बघा कसं सुटलंय.’’ पट्ट्याचं भोक एक पुढे सरकलेलं. गावातल्या दवाखान्यात अॅसिडिटीची गोळी मिळाली, पुढे दुर्बिणीने तपासणी झाली, त्यात जठराला थोडी सूज. औषध बदललं, फरक शून्य.

तीन आठवड्यांत त्यांचं वजन ६८ किलोवरून ७१ झालं होतं. निम्मं जेवणाऱ्या माणसाचं वजन वाढतंय, ही गोष्ट तिथेच खटकायला हवी होती.

हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना डोकं उंच करून आडवं केलं आणि आधी मानेकडे बघितलं. मानेची शीर कानाच्या पाळीच्या दिशेने फुगलेली. पोटावर उजवीकडे तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यावर ती आणखी वर चढली आणि दाब असेपर्यंत उतरलीच नाही. पोटातून ढकललेलं जास्तीचं रक्त हृदयाला सामावून घेता येत नाही, याचा हा साधा, बिनखर्चाचा पुरावा. यकृत बरगडीखाली तीन बोटं लागत होतं, दाबल्यावर दुखत होतं. ‘‘काका, बुटाची लेस बांधायला वाकलात की दम लागतो का?’’ या प्रश्नावर ते चमकले. लागत होता, पण ते पोट सुटल्यामुळे, असं त्यांनी धरलं होतं. सोनोग्राफीत यकृतातल्या शिरा रुंद, आणि हृदयाकडे जाणारी पोटातली मोठी शीर २.४ सेंटिमीटर. खोल श्वास घेताना ती निम्म्याहून जास्त चेपायला हवी, यांची जेमतेम हलली. रक्तात बिलिरुबिन थोडं वाढलेलं. डोळ्यांच्या पिवळसर छटेला कावीळ समजून कुणी पथ्यावर टाकलं असतं तर आणखी महिना गेला असता.

लघवीतून पाणी काढणारी फ्युरोसेमाइडची गोळी ते आधीपासून घेत होते, पण अलीकडे लघवी पूर्वीसारखी होत नव्हती. इथे या दुखण्याची एक खोच आहे. सुजलेल्या आतड्यातून गोळी हळूहळू शोषली जाते. एकूण मात्रा कदाचित तितकीच पोचते, पण ती इतकी रेंगाळत पोचते की मूत्रपिंडाला जाग यावी एवढी पातळी रक्तात एकदम होतच नाही. गोळी ज्या सुजेसाठी, तीच सूज गोळीला अडवते. म्हणून अशा वेळी तेच औषध शिरेतून देतात. यांना दिलं, आणि आठवड्याभरात साडेसहा किलो पाणी गेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून पिठलं मागितलं. पोटाचं एकही औषध वाढवलं नव्हतं. उलट अॅसिडिटीची जास्तीची गोळी बंद केली होती.

आता काट्यावर ६४.५ किलो. म्हणजे सुजेच्या आधीच्या ६८ पेक्षाही साडेतीन किलो कमी. पाणी चढत असताना आतून मांस झडत होतं आणि काटा दोन्हींची बेरीज दाखवत होता. दंड, मांड्या, कानशिलं सुकलेली आणि पोट मोठं, असा माणूस दिसला की वजनाचा आकडा विश्वासाचा राहत नाही. रोजचं वजन मात्र फार उपयोगी पडतं: सकाळी, लघवीनंतर, चहाच्या आधी, तोच काटा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणीच, कारण इतक्या वेगाने चरबी चढत नाही.

हृदयाच्या रुग्णाला पोटफुगीवर दिलेले काही घरगुती उपाय उलटतात. खाण्याचा सोडा आणि पाण्यात फसफसणाऱ्या पुड्या यांत भरपूर सोडियम असतं, ते पाणी धरून ठेवतं. पोट दुखतंय म्हणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला पाणी धरायला लावतात. ढेकर येऊन घटकाभर बरं वाटतं आणि रात्री सूज वाढते.

अर्थात प्रत्येक भरलेलं पोट हृदयामुळे नसतं. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात, जठराचा कॅन्सर असाच गुपचूप सुरू होऊ शकतो, आणि डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर भूक मरणं व मळमळ ही ती रक्तात जास्त झाल्याची खूण असू शकते. जोडीला मानेची शीर, पाय, वजन आणि दम यांची साक्ष मिळाली तरच हृदयाकडे बोट दाखवायचं. उलट चूकही होते. टीबीनंतर हृदयाभोवतीचं आवरण आक्रसून कडक झालं तर पायांपेक्षा पोटातच जास्त पाणी भरतं, आणि हृदयाचं पंपिंग चांगलं दिसत असल्याने रुग्ण यकृताचा म्हणून फिरत राहतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांमध्ये आधी फुप्फुसं आणि मग हृदयाची उजवी बाजू थकते. त्यांच्याही पोटाच्या तक्रारी ‘वयाच्या’ म्हणून सोडून दिल्या जातात.

पाणी उतरल्यावर जेवण सुधारतं, पण लगेच पूर्ववत होत नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं, जेवणाआधी थोडी विश्रांती, जेवताना ताकापाण्याने पोट न भरणं, याने निभावतं. मिठाबद्दल मात्र मी घरच्यांच्या कडकपणाच्या विरोधात आहे. पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी बंद करावी, हे ठीक. पण आधीच भूक मेलेल्या माणसापुढे पूर्ण अळणी ताट ठेवलं तर तो खाणंच सोडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सोडियम अगदी कमी केल्याने हृदयरुग्णांचे मृत्यू किंवा दवाखान्याच्या फेऱ्या ठळकपणे घटलेल्या दिसल्या नाहीत. भाजीला बेताचं मीठ घालून वर लिंबू, आमसूल, कोथिंबीर, मिरपूड यांनी चव आणता येते. दुकानात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या नेहमीच्या अनेक गोळ्या रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढवत असतात.