मिनिमम ड्यू भरला, तरी व्याज कशाचं?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर एकूण देय रकमेच्या शेजारी मिनिमम ड्यू छापलेला असतो. तेवढा वेळेत भरला की व्याज लागत नाही, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याने फक्त उशिराचा दंड टळतो आणि खातं थकबाकीत जात नाही. व्याज मात्र लागतंच, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून.

समजा, तुमचं बिलचक्र दर महिन्याच्या 16 तारखेपासून पुढच्या 15 तारखेपर्यंत आहे. 18 जूनला तुम्ही 30,000 रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं. 15 जुलैला स्टेटमेंट निघालं, शेवटची तारीख 4 ऑगस्ट. त्या दिवसापर्यंत पूर्ण 30,000 भरले, तर 47 दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळाले. हेच मशीन 14 जुलैला घेतलं असतं, तर पैसे 4 ऑगस्टलाच भरावे लागले असते आणि सवलत जेमतेम तीन आठवड्यांची राहिली असती.

आता 4 ऑगस्टला फक्त पाच टक्के, म्हणजे 1,500 रुपये भरले असं धरू. व्याजदर महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. बिनव्याजी सवलत रद्द झाल्याने 30,000 रुपयांवर त्या 47 दिवसांचं व्याज सुमारे 1,622 रुपये होतं. उरलेल्या 28,500 वर 15 ऑगस्टपर्यंतचे 394 रुपये. व्याजावर 18 टक्के जीएसटी, आणखी 363. एकूण 2,379 रुपये. म्हणजे 1,500 भरूनही ऑगस्टच्या बिलात देणं 30,879 दिसतं! 30,000 पैकी 29,000 भरले असते, तरी त्या 47 दिवसांचं व्याज सहसा पूर्ण रकमेवरच लागतं. हा नियम ग्राहकाला कार्ड देतानाच समजावून सांगायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

मिनिमम ड्यू इतका ठेवावा की मुद्दल वाढत जाऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. त्यामुळे पुढच्या बिलात हे व्याज आणि कर मिनिमम ड्यूमध्येच धरले जातात आणि तो आकडा एकदम वाढतो. शिवाय मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही सवलत नसते. किराणा भरला की त्याच दिवसापासून व्याज सुरू.

शेवटची तारीख हुकलीच, तर दंड तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्यावरच लावता येतो. पगार बिलाच्या तारखेनंतर होत असेल, तर किमान एकदा बिलचक्र बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

एक गोष्ट मात्र अनेकांना गोंधळात टाकते. 4 सप्टेंबरला 30,879 रुपये पूर्ण भरले, तरी सप्टेंबरच्या बिलात सहा-सातशे रुपये व्याज येतं. ते 16 ऑगस्टपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. तेही पूर्ण भरा. ते भरलं की नव्या खरेदीवरची सवलत पुन्हा सुरू होते.