बारा खोल्या आणि चार पार

मालवणजवळचं आमचं बारा खोल्यांचं हॉटेल 2016च्या दिवाळीत सुरू झालं. तेव्हा कापडाची खरेदी या धंद्यातल्या नेहमीच्या हिशोबाने झाली. सगळ्या खोल्या एकदा लावायला जेवढं कापड लागतं, तो एक पार. एक पार खोल्यांत, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात, असे तीन. खोलीला एक डबल चादर आणि दोन मोठे टॉवेल धरून 36 चादरी आणि 72 टॉवेल आले. अभ्रे आणि नॅपकिन त्याच पटीत.

टॉवेलचा हिशोब पहिल्याच नाताळात कमी पडला. आपल्याकडे कुटुंब येतं ते आजी-आजोबांसकट. सहा खोल्यांत जादा गादी पडली की टॉवेल 24 नाही, 30 लागतात, आणि तीन पार म्हणजे 90. तेव्हापासून टॉवेल खोलीवर मोजत नाही, माणशी मोजतो.

चादरींचं कोडं सुटायला मात्र वेळ लागला. पुढची दोन-तीन वर्षं गर्दीच्या दिवसांत एकच दृश्य असायचं: खोली झाडून-पुसून तयार, पण मावशी लॉन्ड्रीच्या गाडीची वाट बघतायत आणि पाहुणे व्हरांड्यात बसलेत. चोरी होत नव्हती, फाटतही फार नव्हत्या. तरी कपाट रिकामं. कारण साधं होतं. आमची लॉन्ड्री आज नेलेलं परवा आणून देते. रोज बाराही खोल्या बदलत असतील तर आजच्या 12 आणि कालच्या 12 अशा 24 चादरी बाहेरच असतात. खोल्यांत 12. झाल्या 36. कपाटासाठी उरलं शून्य. ‘लॉन्ड्रीत एक पार’ हे गृहीत धरणं चोवीस तासांत कापड परत येत असेल तरच खरं. कपडे जितके दिवस बाहेर, तितके पार बाहेर. म्हणून आम्ही 48 वर गेलो. धुतलेल्या चादरीला कपाटात एक दिवस तरी विश्रांती मिळाली की ती जास्त टिकते, असं जुने हाउसकीपिंगवाले सांगतात. ते आता कुठे जमू लागलं.

पावसाळ्यात गिऱ्हाईक निम्म्याहून कमी, म्हणून पुरवठा सुटसुटीत असावा असं वाटतं. पण जुलैत जाड टॉवेल वाळत नाही, आणि अर्धवट वाळून घडी घातलेला टॉवेल पाणी लागताच कुबट वास मारतो. 70 बाय 140 सेंटीमीटरचा 500 जीएसएमचा टॉवेल सुका असताना जवळजवळ अर्धा किलो भरतो; 400चा चारशे ग्रॅमच्या आत. हातात घेतल्यावर श्रीमंती पाचशेचीच जाणवते, हे मान्य. पण टॉवेल बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही 400चे घेतले, आणि पावसाळ्यातली टंचाई नवी खरेदी न वाढवता बरीच हलकी झाली.

2020च्या टाळेबंदीने वेगळाच फटका दिला. खारी, दमट हवा आणि बंद कपाटं. तळाच्या चादरी घड्यांवर पिवळ्या पडल्या, काहींवर बुरशीचे काळे ठिपके आले. ठिपक्यांवर ब्लीच मारत बसलं तर सूतच कमजोर होतं, म्हणून त्या सरळ कापून पुसणी केली. हॉटेल पुन्हा उघडल्यावर रिकामी झालेली खोली एक दिवस तशीच ठेवायची, कापड पिशवीत बांधून ठेवायचं, असं चाललं. म्हणजे कापड अडकण्याची चौथी जागा तयार झाली. जागेनुसार रजिस्टर ठेवायची सवय तिथून लागली.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मोजणी होते. एका महिन्याचं उदाहरण: मागच्या 48, नव्या 6, बाद 3, म्हणजे 51 हव्यात. खोल्यांत 12, कपाटात 17, लॉन्ड्रीच्या पावतीवर 20. बेरीज 49. दोन कमी. यातले 12 आणि 17 डोळ्यांनी मोजलेले, 20 मात्र कागदावर विश्वास ठेवून लिहिलेले. तूट नेमकी कुठे, हे मासिक मोजणी कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी सगळं कापड एका छपराखाली यावं लागतं, आणि कोकणात असा दिवस वर्षातून एकदा हमखास येतो. गणपतीला लॉन्ड्रीतली पोरं गावी जातात, त्याच्या आदल्या दिवशी शेवटची गाडी सगळा माल परत टाकते. खरी मोजणी आम्ही तेव्हाच करतो.

गेल्या गणपतीत चादरींचा आकडा जुळला, पण किनारीतल्या दोऱ्यांनी निराळंच सांगितलं. खरेदीच्या वर्षानुसार आम्ही किनारीला रंगीत टाका घालतो. लाल टाक्याच्या, सर्वांत जुन्या चादरी अजून कडक आणि शुभ्र, तर दोन वर्षांनी घेतलेल्या हिरव्या टाक्याच्या विरून गेलेल्या. म्हणजे गाडीतून आलेला माल वरच ठेवला जात होता आणि वरूनच उचलला जात होता. कागदावर चार पार, फिरत होते तीनच. आता मावशी धुऊन आलेला गठ्ठा खाली सरकवतात आणि खोल्यांसाठी वरच्या चादरी काढतात. हिरव्यांतल्या धड भागाचे अभ्रे शिवायला दिले आहेत.